पाच वाट्या आणि एक गल्ला

प्रश्न: नागपुरात दर गुरुवारी संध्याकाळी आमचा गट बसतो. मानसिक आजार असलेल्यांच्या घरची माणसं येतात, साधारण बारा ते अठरा. हॉलचं भाडं देणाऱ्या ट्रस्टने हजेरी मागितली म्हणून रजिस्टर ठेवलं, तर पुढच्या आठवड्यात सातच जण आले आणि त्यातल्या तिघांनी सहीच्या जागी नुसती रेघ ओढली. नावं न घेता हजेरी ठेवायची कशी? आणि तीच माणसं येताहेत की नवी, हे कसं कळायचं?

उत्तर:

त्या तीन रेघा मी पाहिलेल्या आहेत. तुमच्या नाहीत, आमच्या. मी नागपुरातल्या एका सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक होते. तिथे असताना आणि निवृत्तीनंतरही नातेवाइकांचे दोन गट चालवले. पहिल्या गटात मीही रजिस्टरच ठेवलं होतं आणि त्यात एका गृहस्थांनी सलग चार आठवडे दर वेळी वेगळं नाव लिहिलं. अक्षर एकच, नावं चार. म्हणजे माझ्या हजेरीत चार माणसं होती आणि खुर्चीत एक.

तुमच्या प्रश्नात दोन गोष्टी गुंतल्या आहेत, त्या आधी सुट्या करू. ट्रस्टला हवं आहे ‘किती’. तुम्हाला हवं आहे ‘नवा आलेला माणूस परत येतो का’. रजिस्टर देतं ते ‘कोण’. तुमच्या दोन्ही प्रश्नांना ‘कोण’ लागतच नाही. सवयीने आपण हजेरी म्हणजे नावांची यादी धरतो, कारण शाळेपासून तसंच पाहिलंय.

‘कोण’ हा प्रश्न आपल्याकडे जास्तच बोचतो, आणि त्याचं कारण नुसती लाज नाही. आडनाव सांगितलं की समोरच्याच्या डोक्यात जात, गाव, मोहल्ला आणि चुलत-मावस सोयरीक दोन मिनिटांत लागते. नागपूर मोठं झालं असलं तरी महाल भागातल्या बाईची नणंद नंदनवनात असते आणि नंदनवनातल्या शेजारणीचा भाऊ तुमच्याच गटात बसलेला असतो. मुलाला स्किझोफ्रेनिया आहे आणि त्याच्या बहिणीचं लग्न जमायचं आहे, अशा घरची आई आपलं नाव कागदावर का ठेवील? आमच्याकडे एक बाई सरळ म्हणाल्या होत्या, “मॅडम, मी आली हे तुम्हाले दिसून राह्यलं ना? मग नाव काहून पाहिजे?” त्या दिवशी मला उत्तर सुचलं नाही. नंतर कळलं की उत्तर नव्हतंच.

रजिस्टर सोडून मी काय काय करून पाहिलं ते सांगते, कारण तुम्हाला हेच सल्ले दुसऱ्यांकडूनही मिळतील.

पहिला प्रयोग टोपणनावांचा. लोकांना ती आठवड्यानंतर आठवत नाहीत. शिवाय ‘आई’ या टोपणनावाच्या तीन बायका एकाच दिवशी निघाल्या.

दुसरा प्रयोग सांकेतिक ओळखीचा. संशोधनात ही पद्धत वापरतात: आईच्या नावाचं पहिलं अक्षर, स्वतःचा जन्ममहिना, मोठ्या भावंडांची संख्या असे तुकडे जोडून प्रत्येकाने आपला संकेत बनवायचा आणि दर वेळी तोच लिहायचा. कागदावर फार सुबक दिसतं. पण साठीच्या पुढच्या माणसाला जन्ममहिना विचारा. शाळेच्या दाखल्यावर गुरुजींनी १ जून टाकलेला असतो आणि घरचे सांगतात, “पोळ्याच्या आसपास झाला.” एकदा तो जून लिहितो, एकदा ऑगस्ट, आणि तुमच्या वहीत एका माणसाची दोन माणसं होतात. उलट बाजूने, ज्यांनी ज्यांनी दाखला प्रमाण मानला ते सगळे जूनमध्ये जमा. मोठ्या भावंडांचंही तसंच, लहानपणी गेलेला भाऊ धरायचा की नाही हे माणूस त्या दिवशीच्या मनःस्थितीवर ठरवतो. हजार माणसांच्या पाहणीत अशा चुका मुरून जातात. पंधरा जणांत दोन चुकल्या की आकडाच गेला. आणि मुख्य म्हणजे पंधरा जणांत हा संकेत गुप्तही राहत नाही. ‘सु, जून, चार मोठी भावंडं’ वाचलं की मलाच चेहरा दिसायचा.

मोबाइलच्या शेवटच्या चार आकड्यांचं मी एका दिवसात बंद केलं. ज्याच्या फोनमध्ये तो नंबर साठवलेला आहे त्याला चार आकडे पुरतात.

तिसरा प्रयोग मला सगळ्यात आवडला होता: पिशवीतून उचललेला नंबरचा बिल्ला. पहिल्यांदा आलात की एक बिल्ला घ्या, दर वेळी दाखवा. कुणाला कोणता मिळाला हे मलाही माहीत नाही. हा प्रयोग एका बाईंच्या पर्समध्ये नवऱ्याला बिल्ला सापडला तिथे संपला. “हे काय आहे? कुठे जातेस?” त्या पुढे कधी आल्या नाहीत. घरी नेण्याची कुठलीही वस्तू म्हणजे पुरावा, हे तेव्हा शिकले. कार्ड नको, बिल्ला नको, गटाचं नाव छापलेलं पेनही नको.

म्हणून आता जी पद्धत आहे तिच्यात माणूस काही लिहीत नाही, काही नेत नाही आणि त्याला ओळखता येईल असं काही मागे ठेवत नाही. आम्ही माणसं मोजत नाही, खेपा मोजतो. पद्धत अशी.

स्टीलच्या पाच वाट्या आणि पत्र्याचा एक गल्ला, वरून फट असलेला, खालून झाकण उघडणारा. प्रत्येक वाटीत वेगळ्या जातीची वस्तू. पहिल्या वाटीत चिंचोके: या गटात आज पहिल्यांदाच आलेल्यांसाठी. दुसरीत लहान मणी: दुसऱ्यांदा आलेल्यांसाठी. तिसरीत शर्टाची बटणं: तिसऱ्यांदा. चौथीत मोठे लाकडी मणी: चौथ्यांदा किंवा त्याहून जास्त. आणि पाचवीत कवड्या: जे आधी येत होते, पण १ एप्रिलपासून आज पहिल्यांदाच आले त्यांच्यासाठी. प्रत्येकाने आपल्या वाटीतली एक वस्तू उचलून गल्ल्यात टाकायची. जो पाचव्या वाटीत बसतो त्याने त्या दिवशी फक्त कवडीच टाकायची, दुसरं काही नाही. नुसते रंग वेगळे ठेवू नका. वस्तू आकाराने वेगळ्या हव्यात, कारण चष्मा घरी विसरलेल्यांनाही ते बोटांनी कळावं. सुरुवातीला मी हरभरे आणि शेंगदाणे ठेवले होते. शेंगदाणे लोकांनी खाल्ले आणि हरभऱ्यांना पावसाळ्यात किडे लागले.

गल्ल्याच्या तळाशी जुनं फडकं अंथरा. आमच्याकडे पहिल्या आठवड्यांत चिंचोका पत्र्यावर पडला की वेगळाच टणटणीत आवाज यायचा आणि सगळे वळून पाहायचे, नवीन कोण म्हणून. मण्याचा आवाज बारीक, चिंचोक्याचा खणखणीत. लपवायला निघालो होतो आणि घंटा बांधून बसलो होतो.

वाट्या दाराशी ठेवू नका. दाराशी नवा माणूस बावरलेला असतो, त्याला पाच वाट्यांचा नियम ऐकू येत नाही. उशिरा येणारे सरळ जाऊन बसतात. निघताना ठेवल्या तर ज्यांना बस पकडायची असते ते तसेच जातात. आमची वेळ साडेसहा ते आठ, आणि सव्वासातला चहा. वाट्या चहाच्या टेबलाच्या पलीकडे, कपाटाच्या आडोशाला. चहाला सगळेच उठतात, तोवर उशिरा येणारे पोचलेले असतात आणि लवकर जाणारेही चहा घेऊन जातात. एक कार्यकर्ती तिथे उभी असते, वाट्यांकडे पाठ करून. नव्या माणसाला ती एवढंच सांगते, “आज कितव्यांदा आलात त्या वाटीतलं एक उचला नि टाका, मला सांगू नका.” वाट्यांसमोर मोठ्या अक्षरात चिठ्ठ्या असतात. गट चालवणाऱ्यांनी आणि चहा करणाऱ्यांनी काही टाकायचं नाही, नाहीतर दर आठवड्याला दोन माणसं फुकटची वाढतात.

शिवाय बैठक सुरू होऊन वीस मिनिटं झाली की डोकी मोजायची. मनातल्या मनात, बोट न दाखवता. गल्ला बैठक संपल्यावर दोघांनी मिळून उघडायचा, त्यातला एक गटातलाच, पाळीपाळीने. वहीत एका दिवसाची एकच ओळ: तारीख, डोकी, आणि पाच वाट्यांचे पाच आकडे. बस.

डोकी आणि गल्ला यांचा मेळ एखाद-दुसऱ्याने चुकतोच. कुणी वीस मिनिटांनंतर येतं, कुणी चहाआधी जातं. दोन्ही आकडे जसेच्या तसे लिहा, जुळवू नका. फरक सलग तीन आठवडे तीनच्या वर गेला तर मात्र काहीतरी बिघडलंय. आमच्याकडे एकदा गल्ल्यात डोक्यांपेक्षा सहा वस्तू जास्त निघाल्या. एका आजीबाईंसोबत आलेल्या नातवाने कवड्यांची मूठच टाकली होती.

दुसरी तपासणी जास्त कामाची आहे. एप्रिलपासून आजवरच्या दुसऱ्या वाटीची बेरीज पहिल्या वाटीच्या बेरजेपेक्षा कधीही जास्त होऊ शकत नाही, कारण पहिल्यांदा आल्याशिवाय कुणी दुसऱ्यांदा येत नाही. आमच्याकडे एका वर्षी मेमध्येच ती जास्त झाली. शोध घेतला तर चिठ्ठीवर नुसतं ‘दुसऱ्यांदा’ लिहिलं होतं आणि जुनी माणसं त्याचा अर्थ ‘या महिन्यात दुसऱ्यांदा’ असा घेत होती. चिठ्ठी बदलून ‘या गटात आजवर दुसऱ्यांदाच’ असं केलं, गोंधळ थांबला. तेव्हा आकडा विचित्र आला तर आधी चिठ्ठी तपासा.

आता यातून काय कळतं ते एका तिमाहीच्या आकड्यांवरून दाखवते. एप्रिल ते जून, बारा बैठका. एका गुरुवारी हॉल मिळाला नव्हता. बारा बैठकांत मिळून गल्ल्यात १६८ वस्तू आल्या, म्हणजे सरासरी १४. त्यात चिंचोके ३१, लहान मणी १४, बटणं ११, मोठे मणी ९० आणि कवड्या २२.

पहिली गोष्ट, १६८ म्हणजे माणसं नव्हेत, हजेऱ्या. अहवालात ‘१६८ लाभार्थी’ लिहिण्याचा मोह होतो आणि अनेक संस्था तसं लिहितातही. खरी माणसं किती? जो माणूस या तीन महिन्यांत एकदा तरी आला, त्याने आपल्या पहिल्या येण्याला एक तर चिंचोका टाकला असणार किंवा कवडी. दोन्ही एकाच माणसाने टाकायचा प्रश्न नाही, कारण चिंचोका अगदी नव्यासाठी आणि कवडी जुन्यासाठी. म्हणून ३१ आणि २२ मिळून ५३ माणसं. एकही नाव न विचारता. कवडीची वाटी ठेवली नाही तर हा आकडा मिळत नाही, म्हणून चार वाट्यांत भागवू नका. १ एप्रिलऐवजी तुमची मोजणी ज्या दिवशी सुरू होईल ती तारीख चिठ्ठीवर टाका. पहिले चार-पाच आठवडे कवड्याच कवड्या येतील, घाबरू नका.

दुसरी गोष्ट तुमच्या खऱ्या प्रश्नाची. ३१ जण नवे आले आणि दुसऱ्यांदा आलेले १४. मार्चमध्ये पहिल्यांदा येऊन एप्रिलमध्ये परतलेला माणूस कवडीत जातो, तो लहान मण्यात येत नाही, म्हणून हे १४ जण त्या ३१ मधलेच. पण सरळ १४ भागिले ३१ करू नका. जूनच्या शेवटच्या दोन गुरुवारी आलेल्या पाच नव्या माणसांना परत यायला अजून पुरेशी संधीच मिळालेली नव्हती. ते बाजूला ठेवले तर २६ पैकी १४, म्हणजे साधारण निम्मे. बटणं ११. यात मार्चमधले एखाद-दोन मिसळलेले असू शकतात, पण अंदाज यायला पुरे: जो दुसऱ्यांदा येतो तो बहुतेक तिसऱ्यांदाही येतो. गळती सगळी पहिल्या आणि दुसऱ्या खेपेच्या मध्ये होती.

हे रजिस्टरने मला कधी दाखवलं नसतं. रजिस्टरात ‘सरासरी १४’ दिसत होतं आणि आम्ही खूश होतो. मोठे मणी टाकणारी जुनी मंडळी खुर्च्या भरत होती आणि नवा माणूस एकदा येऊन नाहीसा होत होता.

मग आम्ही पहिल्या खेपेला त्याच्या वाट्याला काय येतं ते पाहिलं. आमची सुरुवात ओळखीच्या फेरीने व्हायची. नाव सांगायची सक्ती नव्हती, पण “माझा मुलगा, वय सव्वीस, सात वर्षांपासून” इतकं प्रत्येक जण सांगायचा आणि फेरी नव्या माणसापाशी आली की शांतता व्हायची. त्याला तीस सेकंदांत आपलं घर उघडं करावं लागायचं. आम्ही फेरी चहानंतर नेली आणि सुरुवातीलाच सांगायला लागलो की आज नुसतं ऐकलं तरी चालेल. पुढच्या तिमाहीत नवे २४ आले आणि दुसऱ्यांदा १७. याचं श्रेय मी फेरीला देते, पण छातीठोकपणे नाही. आकडे लहान आहेत, शिवाय मे महिन्यात नागपूरचं ऊन पंचेचाळीसच्या घरात असताना संध्याकाळी साडेसहालाही घराबाहेर पडणं म्हणजे शिक्षा असते. पावसाळ्यात दुसऱ्यांदा येणं तसंही सोपं झालं असेल. म्हणून मी एका आठवड्याच्या आकड्यावरून कधीच काही ठरवत नाही. मारबतीच्या आठवड्यात आमचे सहाच जण आले होते आणि त्यात गटाचा काही दोष नव्हता, महालातले रस्तेच माणसांनी भरले होते.

या पद्धतीत एक गोष्ट मिळत नाही, आणि ती तुम्हाला टोचेल. गेल्या आठवड्यात जी बाई रडत होती ती आज आली नाही, ती ठीक आहे ना, हे गल्ला सांगत नाही. तिच्या घरी फोन करता येत नाही, कारण नंबर नाही. मला यावर एकच वाट सापडली आहे. तुम्ही तिला शोधायचं नाही, तिला तुम्हाला शोधता आलं पाहिजे. चहाच्या टेबलावर साध्या कागदाच्या चिठ्ठ्या ठेवा, त्यावर फक्त गटासाठी घेतलेल्या फोनचा नंबर आणि खाली १४४१६. हा सरकारच्या टेलि-मानस सेवेचा नंबर आहे, कधीही लागतो. चिठ्ठीवर गटाचं नाव नको, ‘मानसिक’ हा शब्द नको. पर्समध्ये सापडली तर गॅस एजन्सीचा नंबरही असू शकेल अशी असावी.

तुमच्यापैकी कुणी मानसोपचारतज्ज्ञ किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून गट चालवत असेल तर त्यांच्यावर मानसिक आरोग्य देखभाल कायदा, २०१७ प्रमाणे गोपनीयतेचं बंधन आहे, आणि जिवाला धोका असेल तेव्हा त्याला अपवादही आहेत. अशा वेळी काय करायचं हे त्यांनी गटाला आधीच सांगून ठेवलेलं बरं. निव्वळ परस्परांच्या आधाराचा गट असेल तर प्रश्न कायद्याचा कमी आणि शब्दाचा जास्त: नाव विचारणार नाही असं सांगितलंत ना, मग विचारू नका.

हे सगळं करूनही नाव भलत्याच वाटेने फुटतं, आणि हजेरीच्या चर्चेत लोक हे विसरतात. तुमच्या हॉलच्या फाटकावर चौकीदार आहे का? त्याच्याकडे रजिस्टर आहे का? आमच्या एका हॉलवर होतं: नाव, मोबाइल, कुणाकडे जायचं. आम्ही आत वाट्या मांडून बसलो होतो आणि बाहेर प्रत्येक जण आपलं नाव लिहून आत येत होता. व्यवस्थापकांशी बोलून ‘गुरुवारची बैठक, नोंद नको’ असं ठरवून घेतलं. मग चहाचे पैसे. डब्यात दहा रुपये टाकायची पद्धत होती, एका उत्साही कार्यकर्त्याने यूपीआयचा क्यूआर चिकटवला. पैसे आले की त्याच्या फोनवर देणाऱ्याचं बँकेतलं पूर्ण नाव. डबाच बरा. व्हॉट्सॲप ग्रुपचंही तेच, सगळ्यांना सगळ्यांचे नंबर दिसतात. निरोप द्यायचाच असेल तर बैठकीतच द्या. दर गुरुवारी, तीच वेळ, तीच जागा, यात बदलच केला नाही तर निरोपाची गरज फारशी पडत नाही.

फोटोचं सांगायलाच हवं, कारण ट्रस्टची पुढची मागणी तीच असणार. आम्ही चेहऱ्यांऐवजी दाराबाहेरच्या चपलांचा फोटो पाठवायचो आणि स्वतःवर खूश होतो. एकदा एक बाई म्हणाल्या, “तो पण नको. माझी सासू माझी चप्पल ओळखते.” तेव्हापासून रिकाम्या खुर्च्यांचा फोटो.

आता ट्रस्टशी बोलणं. इथे परिस्थितीवर बरंच अवलंबून आहे. माझ्या अनुभवात हॉलभाडं देणाऱ्याला दोनच गोष्टी हव्या असतात: भाडं खरंच दिलं गेलं आणि हॉल रिकामा राहिला नाही. पहिलीला भाड्याची पावती पुरते. दुसरीसाठी तिमाहीच्या बेरजेचं पान, गट चालवणाऱ्या दोघांच्या सह्यांसह. शंका असेल तर त्यांच्यापैकी एकाने चहाच्या वेळी येऊन कप मोजावेत, पण बैठकीत बसू नये. आमचे विश्वस्त एकदाच आले, कप मोजले, चहा पिऊन गेले. त्यांना पटवताना मी गुप्ततेवर भाषण दिलं नाही, तुमच्याकडे आहे तोच पुरावा मांडला: रजिस्टरच्या आधीचे आकडे आणि नंतरचे सात. पैसे देणाऱ्याला हे लगेच कळतं.

आठवड्याची फोड मात्र त्यांना देऊ नका. ‘१२ जून, नवे १’ असं लिहिलं आणि त्या दिवशी कुणी कुणाला जिना चढताना पाहिलं असेल तर झालंच. तिमाहीची बेरीज द्या. स्त्री-पुरुष, वय, प्रवर्ग अशी फोड मागितली तर नम्रपणे नाही म्हणा. चौदा जणांत दोन पुरुष असतील तर ‘पुरुष २’ ही जवळजवळ नावंच आहेत.

काही निधी असे असतात की लाभार्थींची यादी, आधार क्रमांकासह, ही अटच असते. तिथे कुठलीही वाटी कामाची नाही. मग हॉल तरी बदला किंवा पैसे तरी. धंतोलीतल्या हॉलचं भाडं परवडेना तेव्हा आम्ही दोन वर्षं एका शाळेच्या वर्गात, लहान मुलांच्या बाकांवर बसलो. गुडघे दुखले, पण गट टिकला. दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या चळवळीच्या बारा पायऱ्यांच्या धर्तीवर तुमचा गट असता तर हा प्रश्नच आला नसता. अमेरिकेत १९३५ साली सुरू झालेली ती चळवळ बाहेरची देणगी घेतच नाही, स्वतःच्या वर्गणीवर चालते, आणि सदस्यांची यादीही ठेवत नाही. दोन्ही गोष्टी एकमेकींना धरून आहेत हे मला फार उशिरा उमगलं.

एखाद्याला स्वतःसाठीच हजेरीचा दाखला हवा असतो, कधी नोकरीच्या ठिकाणी दाखवायला, कधी घरच्यांना. आम्ही तारीख घातलेलं छोटं पत्र देतो: ‘हे पत्र बाळगणारी व्यक्ती आजच्या बैठकीस उपस्थित होती.’ खाली सही. नावाची जागा रिकामी, त्याने हवं तर स्वतः भरावं. आमच्याकडे प्रत ठेवत नाही.

शेवटचं, तुमच्या त्या रजिस्टरबद्दल. ते अजून कपाटात असेल, आणि कुणी त्याच्या पानांचे फोटो काढून ट्रस्टला व्हॉट्सॲपवर पाठवलेही असतील. कागदावर होतं तोवर गोष्ट वेगळी होती. फोनमध्ये गेलेली नावं २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या कक्षेत येऊ शकतात, आणि कायदा बाजूला ठेवला तरी तो फोटो आता किती फोनांत आहे हे तुम्हाला माहीत नाही. आधी ते फोटो पुसायला सांगा, तुमच्याकडचे आणि त्यांच्याकडचे. मग गुरुवारी रजिस्टर बैठकीत आणा, ती पानं सगळ्यांसमोर फाडा, तुकडे चहाच्या उरलेल्या पाण्यात भिजवा आणि त्याच दिवशी वाट्या मांडा. आमच्याकडे असं केलं तेव्हा एक गृहस्थ पुढे आले आणि म्हणाले, “माझं पान मी फाडतो.” त्यांनी चार पानं फाडली. चारही नावं त्यांचीच होती.